विनॅम्पची स्किन बसवा आणि आपल्या रंगात रंगवा: व्हिज्युअलायझरचे रंग, प्लेलिस्टचे फॉन्ट आणि देवनागरी शीर्षकं

विनॅम्प १९९७ साली आला, तरी विंडोज १० आणि ११ वर आजही व्यवस्थित चालतो. त्याच्या जुन्या पद्धतीच्या स्किन नेटवर हजारोंनी आहेत आणि त्या बदलायला प्रोग्रामिंग लागत नाही. नोटपॅड आणि पेंट एवढ्यावर काम भागतं. या लेखात एक स्किन बसवू, तिच्या नाचणाऱ्या पट्ट्यांना हळदीपासून कुंकवापर्यंतचे रंग देऊ, आणि मराठी गाण्यांची नावं वाचता येतील अशी अक्षरं लावू.

आधी दोन प्रकारच्या स्किनमधला फरक लक्षात घ्या, कारण नवे लोक इथेच अडखळतात. फाइलच्या नावाला `.wsz` असेल तर ती क्लासिक स्किन. तिच्या खिडक्यांचा आकार ठरलेला असतो आणि आत फक्त चित्रं आणि थोड्या साध्या मजकुराच्या फाइली असतात. `.wal` असेल तर ती मॉडर्न स्किन. तिची बांधणीच वेगळी असते आणि इथे सांगितलेल्या फाइली तिच्यात चालत नाहीत. विनॅम्प नव्याने टाकल्यावर सुरुवातीला बहुधा बेंटो नावाची मोठी, एकसंध खिडकी दिसते. ती मॉडर्न आहे. आपलं सगळं काम क्लासिकमध्ये होणार आहे.

## स्किन मिळवणं आणि बसवणं

स्किन शोधायला `skins.webamp.org` ही जागा उत्तम. जॉर्डन एल्ड्रेज यांनी उभं केलेलं हे विनॅम्प स्किनचं संग्रहालय आहे. एखाद्या स्किनवर क्लिक केलं की ती मोठी होऊन दिसते आणि तिथूनच उतरवून घेता येते. पहिल्या खेपेला गडद पार्श्वभूमीची, साधी स्किन निवडा. गाण्याच्या नावाची पट्टी आणि पट्ट्या नाचतात तो चौकोन जिच्यात सपाट एका रंगाचा आहे, अशी. पुढे अक्षरांचा रंग बदलताना याचा फार उपयोग होतो, तो का ते खाली येईलच.

उतरवलेल्या `.wsz` फाइलवर डबल क्लिक केलं की विनॅम्प ती स्वतःच आपल्या फोल्डरात ठेवतो आणि लगेच लावतो. तसं झालं नाही, विंडोजने ‘कशाने उघडू?’ असं विचारलं किंवा एखादा झिपचा प्रोग्राम मध्येच उघडला, तर फाइल हाताने या ठिकाणी टाका:

```
C:\Program Files (x86)\Winamp\Skins
```

मग विनॅम्पमध्ये `Alt+S` दाबा. स्किनची यादी उघडेल. नावावर क्लिक केलं की स्किन बदलते. फाइल `.zip` नावाने उतरली असेल तर नाव बदलून `.wsz` करा. आत काही फरक नसतो, कारण `.wsz` म्हणजे नाव बदललेली झिपच आहे. विंडोज फाइलींची शेपटं लपवून ठेवतो, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या `View` मध्ये जाऊन `File name extensions` आधी चालू करा. पुढच्या कामात ते चालू असलंच पाहिजे.

खिडकी फार लहान दिसतेय का? त्यात स्किनचा दोष नाही. क्लासिक स्किनची मुख्य खिडकी २७५ गुणिले ११६ पिक्सेलची असते आणि आजच्या दाट पडद्यांवर ती काडेपेटीएवढी दिसते. `Ctrl+D` दाबलं की ती दुप्पट होते. पुढचे सगळे बदल दुप्पट आकारातच तपासा, डोळ्यांना ताण पडणार नाही.

## बदलासाठी स्किन मोकळी करणं

मूळ फाइलला हात लावू नका. तिची एक प्रत `Documents` मध्ये काढा, तिचं नाव `.zip` करा आणि ती उलगडा. जो फोल्डर तयार होईल त्याला आपलं नाव द्या. मी इथे `Haldi` म्हणतो. हा फोल्डर तसाच्या तसा वर सांगितलेल्या `Skins` फोल्डरात टाकला, तरी विनॅम्प त्याला स्किन म्हणून यादीत दाखवतो. म्हणजे दर बदलानंतर पुन्हा झिप करत बसायची गरज नाही.

`Program Files` मधली फाइल नोटपॅडमध्ये उघडून थेट जतन करायला गेलात तर विंडोज परवानगी नाकारेल. म्हणून बदल `Documents` मधल्या प्रतीत करा आणि बदललेली फाइल `Skins\Haldi` मध्ये चिकटवा. विंडोज परवानगी विचारेल, `Continue` म्हणा. मग विनॅम्पच्या मुख्य खिडकीवर एकदा क्लिक करून `F5` दाबा. चालू स्किन नव्याने वाचली जाते, गाणं थांबत नाही. बदल, चिकटवणं, `F5`, एवढाच क्रम. तो हातात बसला की रंग जमवायला फारसा वेळ लागत नाही.

फोल्डरात पाहिलंत तर `main.bmp`, `cbuttons.bmp`, `titlebar.bmp` अशी बरीच चित्रं दिसतील. मुख्य खिडकीचा पाया, बटणं, वरची पट्टी, प्रत्येकाचं वेगळं चित्र. आपलं लक्ष चार फाइलींवर आहे. `viscolor.txt` मध्ये पट्ट्यांचे रंग असतात, `pledit.txt` मध्ये प्लेलिस्टचे रंग आणि फॉन्ट, `text.bmp` मध्ये मुख्य खिडकीतली बारीक अक्षरं आणि `numbers.bmp` मध्ये वेळेचे मोठे आकडे. यातली एखादी फाइल स्किनमध्ये नसली तरी घाबरू नका. विनॅम्प तिच्या जागी स्वतःच्या मूळ स्किनमधली वापरतो. तुम्ही ती नव्याने बनवून टाकलीत की तुमची लागू होते. कितीतरी सुंदर जुन्या स्किनमध्ये `viscolor.txt` नसतेच. मग निळ्या-करड्या खिडकीत हिरवा-लाल आलेख नाचत राहतो आणि सगळी मजा जाते.

## पट्ट्यांचे रंग

`viscolor.txt` नोटपॅडमध्ये उघडा. फाइल नसेल तर नवी बनवा. आत चोवीस ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत तीन आकडे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५ च्या दरम्यान. ओळींना नाव नसतं. कितवी ओळ यावरूनच तिचं काम ठरतं, म्हणून मध्ये रिकामी ओळ घालू नका आणि क्रम मोडू नका. मोजणी शून्यापासून होते.

शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे पट्ट्यांमागचा रंग. एक क्रमांकाची ओळ त्या मागच्या भागावर दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांची. दोन ते सतरा या सोळा ओळी पट्ट्यांच्या. दोन म्हणजे अगदी वरचं टोक आणि सतरा म्हणजे तळ. सोळाच का? कारण मुख्य खिडकीतला व्हिज्युअलायझर ७६ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच असतो, आणि पिक्सेलच्या प्रत्येक आडव्या रांगेला एक रंग मिळतो. अठरा ते बावीस या पाच ओळी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे पट्ट्यांऐवजी लाटेसारखी रेघ दिसते तिच्या. अठरा मधल्या भागाचा रंग, आणि लाट मध्यापासून जितकी लांब जाईल तितका बावीसकडचा रंग लागतो. शेवटची तेवीस क्रमांकाची ओळ पट्ट्यांच्या डोक्यावर क्षणभर तरंगून हळूच खाली येणाऱ्या ठिपक्यांची.

आता रंग ठरवू. तळाला गडद कुंकू हवं, वर पिवळीधमक हळद. तळासाठी `120,20,30` घेतला आणि टोकासाठी `255,215,90`. सोळा रंगांमध्ये पंधरा पायऱ्या असतात. लाल १२० वरून २५५ वर जायचा, म्हणजे १३५ ची चढण, भागिले पंधरा, दर पायरीला ९. हिरव्याची चढण १९५, दर पायरीला १३. निळ्याची ६०, दर पायरीला ४. तळापासून वर जाताना दर ओळीत एवढंच वाढवत जायचं. दोन्ही टोकं अशी निवडली की फरकाला पंधराने नि:शेष भाग जातो, त्यामुळे अपूर्णांकांशी झगडावं लागत नाही. तुम्ही दुसरे रंग घेतलेत आणि भाग पूर्ण गेला नाही, तर जवळचा पूर्णांक घ्या. एक-दोनचा फरक डोळ्याला कळत नाही.

मागचा रंग मात्र मनाने घालू नका. `main.bmp` पेंटमध्ये उघडा आणि डावीकडून साधारण २४ व्या व वरून ४३ व्या पिक्सेलपासून पट्ट्यांचा चौकोन सुरू होतो तिथे जा. पेंटच्या खालच्या पट्टीत माउसची जागा आकड्यांत दिसत असते. तिथला रंग पिपेटने उचला आणि `Edit colors` मध्ये त्याचे तीन आकडे वाचा. माझ्या स्किनमध्ये ते `18,8,10` आले. हाच आकडा शून्याच्या ओळीत गेला की व्हिज्युअलायझर खिडकीतच कोरल्यासारखा बसतो. आकडा चुकला तर चौकोनाची कड वेगळी उठून दिसते, आणि ती चूक लगेच नजरेत भरते.

पूर्ण फाइल अशी झाली:

```
18,8,10,
34,18,20,
255,215,90,
246,202,86,
237,189,82,
228,176,78,
219,163,74,
210,150,70,
201,137,66,
192,124,62,
183,111,58,
174,98,54,
165,85,50,
156,72,46,
147,59,42,
138,46,38,
129,33,34,
120,20,30,
255,215,90,
237,189,82,
219,163,74,
201,137,66,
183,111,58,
255,245,200,
```

ऑसिलोस्कोपचे पाच रंग याच उतरंडीतून एकाआड एक उचलले आहेत, त्यामुळे पट्ट्यांवरून लाटेवर गेलं तरी स्किनचा सूर तोच राहतो. मागचे ठिपके नको असतील तर एक क्रमांकाच्या ओळीतही `18,8,10,` लिहा. ठिपके जात नाहीत, पण मागच्या रंगात मिसळून दिसेनासे होतात. मला ते तसेच बरे वाटतात. ठिपके जरा उजळ ठेवले की गाणं थांबलेलं असतानाही तो चौकोन मेलेला वाटत नाही.

जतन करताना `Encoding` च्या जागी `ANSI` निवडा. काही एन्कोडिंगमध्ये फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण बसते आणि पहिलाच रंग चुकीचा वाचला जाऊ शकतो. दुसरी हमखास अडचण नावाची. शेपटं लपलेली असताना नोटपॅडमधून जतन केलेली फाइल `viscolor.txt.txt` होऊन बसते, आणि विनॅम्पला ती सापडत नाही. `F5` दाबूनही जुनेच हिरवे-लाल रंग दिसले तर आधी फाइलचं नाव तपासा, मग ती बरोबर फोल्डरात गेली आहे का ते.

रंग बदललेले दिसतात पण उतरंड दिसत नाही, सगळी पट्टी एकाच रंगाची आहे, असं झालं तर फाइल ठीक आहे. पट्ट्या रंगवायची पद्धत वेगळी निवडलेली आहे. व्हिज्युअलायझरवर राइट क्लिक करा, तिथे अ‍ॅनलायझरच्या तीन पद्धती मिळतात. `Normal` मध्ये रंग उंचीला बांधलेला असतो, म्हणून तळ कायम कुंकू आणि हळद फक्त पट्टी वर पोचली तरच दिसते. `Fire` मध्ये रंग पट्टीच्या टोकापासून मोजला जातो. पट्टी छोटी असली तरी टोकाला हळदच येते, त्यामुळे हळू गाण्यात खिडकी जास्त पिवळी दिसते. `Line` मध्ये अख्खी पट्टी तिच्या उंचीच्या एका रंगात रंगते. आपण केलेली उतरंड `Normal` मध्ये सर्वांत नीट दिसते. तबल्याच्या जोरदार ठेक्याचं एखादं गाणं लावून बघा, डावीकडच्या खालच्या स्वरांच्या पट्ट्या वरपर्यंत जातात आणि सोळाही रंग एकदम समोर येतात.

व्हिज्युअलायझरवर साधं क्लिक केलं की पट्ट्या, लाट आणि बंद असं चक्र फिरतं. चौकोन रिकामाच दिसत असेल तर बहुतेक चुकून तो बंद झालेला असतो. आणि मिल्कड्रॉपसारखे वेगळ्या खिडकीत चालणारे व्हिज्युअलायझर `viscolor.txt` वाचत नाहीत. ही फाइल फक्त स्किनमधल्या छोट्या चौकोनासाठी आहे.

## प्लेलिस्टची अक्षरं

क्लासिक स्किनमध्ये अक्षरं तीन ठिकाणांहून येतात. प्लेलिस्टमधली नावं विंडोजच्या खऱ्या फॉन्टमध्ये लिहिली जातात. मुख्य खिडकीतलं सरकणारं नाव एका चित्रातून कापून जोडलं जातं. वेळेचे मोठे आकडे दुसऱ्या चित्रातून येतात. हे डोक्यात पक्कं ठेवा, म्हणजे ‘फॉन्ट बदलला तरी वर काहीच का होत नाही’ हा प्रश्न पडणार नाही.

प्लेलिस्टची `pledit.txt` अशी असते:

```
[Text]
Normal=#E4B04E
Current=#FFF5C8
NormalBG=#12080A
SelectedBG=#5A1E22
Font=Nirmala UI
```

`Normal` यादीतल्या नावांचा रंग, `Current` सध्या वाजत असलेल्या गाण्याचा, `NormalBG` मागचा आणि `SelectedBG` निवडलेल्या ओळीवरच्या पट्टीचा. इथे रंग लिहायची रीत `viscolor.txt` पेक्षा वेगळी आहे. तिथे साधे आकडे चालतात, इथे सोळाच्या पायात लिहावे लागतात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये `Programmer` निवडून २२८ टाकलं की `HEX` समोर `E4` दिसतं. तसे तिन्ही आकडे बदलून, एकच अंक आला तर त्याआधी `0` लावून, सलग लिहायचे. वर `Normal` साठी पट्ट्यांच्या उतरंडीतला `228,176,78` घेतला, तोच `#E4B04E` झाला.

`SelectedBG` निवडताना एक गोष्ट हमखास राहून जाते. निवडलेल्या ओळीतलं गाणं वाजत असू शकतं किंवा नसूही शकतं, म्हणजे त्या पट्टीवर `Normal` आणि `Current` दोन्ही रंगांची अक्षरं येतात. दोन्ही वाचता आली पाहिजेत. दोन गाणी निवडा, त्यातलं एक वाजवा, आणि मगच रंग पक्का करा.

`Font` समोर विंडोजच्या फॉन्टचं नाव अचूक लिहायचं, मधल्या जागेसकट. फॉन्ट स्किनमध्ये भरून देता येत नाही. ज्याच्या संगणकावर तो नाही त्याला विंडोज दुसराच दाखवील. स्किन मित्राला पाठवायची असेल तर सगळीकडे असेल असाच फॉन्ट घ्या. जुन्या स्किनमध्ये बहुधा `Arial` असतो. त्यात देवनागरी अक्षरं नाहीत, तेव्हा मराठी नावं विंडोज दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो आणि इंग्रजी-मराठी ओळी वेगवेगळ्या वळणाच्या दिसतात. `Nirmala UI` मध्ये दोन्ही लिप्या आहेत आणि तो विंडोज ८ पासून सोबतच येतो, म्हणून मी तोच लावतो. अक्षरं लहान वाटली तर `Ctrl+P` दाबून प्लेलिस्टच्या पानावर आकार वाढवा. देवनागरीला रोमनपेक्षा मोठा आकार लागतो. लहान आकारात वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. ‘चिंब’ आणि ‘चंद्र’ असे शब्द असलेली नावं यादीत टाकून बघा, तिथेच कळेल आकार पुरतो की नाही.

मराठी नाव अजूनही बिघडलेलं दिसलं तर ते नेमकं कसं दिसतं ते बघा, त्यावरून बिघाडाचं कारण समजतं. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टमध्ये ती अक्षरं नाहीत, म्हणजे `Font` ची ओळ तपासा. `????` दिसलं किंवा ‘मन’ च्या जागी `à¤®à¤¨` असा मजकूर आला, तर फॉन्ट निर्दोष आहे. गाण्याच्या फाइलमध्ये नावच चुकीच्या पद्धतीने लिहिलेलं आहे. गाणं निवडून `Alt+3` दाबा, माहितीची खिडकी उघडेल, तिथे नाव देवनागरीत नव्याने टाइप करून जतन करा. स्किन कितीही बदलली तरी अशी नावं सुधारणार नाहीत.

## मुख्य खिडकीतलं सरकणारं नाव

प्लेलिस्टमध्ये नाव देवनागरीत नीट आलं, तरी वरच्या खिडकीत ते गायब असू शकतं. याचं कारण `text.bmp`. पेंटमध्ये उघडा आणि ८०० टक्क्यांपर्यंत मोठी करा. १५५ गुणिले १८ पिक्सेलचं चित्र, तीन ओळी, प्रत्येक अक्षराला ५ गुणिले ६ पिक्सेलची एक चौकट. पहिल्या ओळीत इंग्रजी मुळाक्षरं, दुसरीत आकडे आणि विरामचिन्हं, तिसरीत थोडी युरोपीय अक्षरं. लहान लिपीतली अक्षरं वेगळी नाहीत, सगळं मोठ्या लिपीतच दिसतं. देवनागरीला यात जागाच नाही, आणि चित्रात मराठी अक्षरं काढूनही उपयोग नाही, कारण कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर हे विनॅम्पमध्ये ठरलेलं आहे आणि जोडाक्षरं जुळवणं त्याला येत नाही.

उपाय सेटिंग्जमध्ये आहे. `Ctrl+P` मधल्या क्लासिक स्किनच्या पानावर, मुख्य शीर्षकासाठी बिटमॅप फॉन्ट वापरण्याचा पर्याय असतो. त्याची खूण काढून टाका, मग शीर्षकही विंडोजच्या फॉन्टमध्ये येतं आणि मराठी नाव दिसू लागतं. याची किंमत मात्र आहे. ती पट्टी मुळात सहा पिक्सेल उंच अक्षरांसाठी आखलेली, तेव्हा देवनागरीच्या मात्रा आणि उकार वरखाली कापल्यासारखे दिसू शकतात. शिवाय स्किन बनवणाऱ्याने निगुतीने काढलेली ठोकळेबाज अक्षरंही जातात. तुमच्या संग्रहात मराठी नावं थोडीच असतील तर मी बिटमॅप फॉन्ट चालू ठेवायला सांगेन. मराठी नावं प्लेलिस्टमध्ये वाचता येतातच.

बिटमॅप फॉन्ट ठेवून फक्त त्याचा रंग बदलायचा असेल तर पेंटमध्ये एक जुनी युक्ती आहे. पिपेटने अक्षराचा जुना रंग `Color 1` मध्ये घ्या, नवा रंग `Color 2` मध्ये, मग खोडरबर निवडून माउसचं उजवं बटण दाबून संपूर्ण चित्रावरून फिरवा. फक्त जुना रंग बदलतो, मागचा तसाच राहतो. काही स्किनमध्ये अक्षरांच्या कडांना फिकट छटा असतात, तिथे प्रत्येक छटेसाठी हेच पुन्हा करा.

क्लासिक स्किनमधल्या या अक्षरांना पारदर्शकता नसते. अक्षराच्या चौकटीतला मागचा रंग नावाच्या पट्टीवर जसाच्या तसा उमटतो. `main.bmp` मध्ये त्या जागी रंगाचा उतार किंवा नक्षी असेल तर प्रत्येक अक्षराभोवती डबी दिसते. सपाट पट्टीची स्किन निवडा असं वर म्हटलं ते यासाठी. तशी नसेल तर `main.bmp` मध्ये तेवढा भाग एका रंगाने भरा आणि तोच रंग `text.bmp` च्या पार्श्वभूमीला द्या. किलोबिट आणि किलोहर्ट्झचे छोटे आकडेही याच चित्रातून येतात, तेव्हा त्या दोन चौकोनांचा रंगही जुळवा.

अक्षर नव्याने काढायचं असेल तर पेन्सिलने एकेक पिक्सेल भरा. पेंटचं अक्षर लिहायचं साधन वापरू नका, ते कडा धूसर करतं आणि एवढ्या लहान आकारात सगळं धुरकट दिसतं. चित्राची लांबी-रुंदी बदलू नका आणि जतन करताना बीएमपीच ठेवा. खिडकीतल्या अक्षरांच्या कडेला शेजारच्या अक्षराचा तुकडा दिसू लागला, तर सगळं चित्र एखाद्या पिक्सेलने सरकलं आहे असं समजा.

वेळेचे मोठे आकडे `numbers.bmp` मध्ये असतात, प्रत्येक आकडा ९ गुणिले १३ पिक्सेलचा. तुम्ही ते रंगवलेत आणि खिडकीत काहीच बदललं नाही, तर फोल्डरात `nums_ex.bmp` आहे का पाहा. ती असेल तर विनॅम्प तीच वापरतो आणि पहिलीकडे बघतही नाही. अशा वेळी दुसरी रंगवा.

## पुन्हा बांधणं

सगळं मनासारखं झालं की `Haldi` फोल्डर उघडा, आतल्या सगळ्या फाइली निवडा आणि त्यांची झिप करा. बाहेरचा फोल्डर नको, आतल्या फाइलीच. झिपचं नाव `Haldi.wsz` करा. मूळ स्किनमध्ये बनवणाऱ्याची `readme` फाइल असेल तर ती तशीच राहू द्या आणि आपण काय बदललं ते तिच्या खाली लिहा. चित्रं त्यांची आहेत, आपण रंग आणि अक्षरं बदलली आहेत.

दुसऱ्याला पाठवण्याआधी `webamp.org` उघडा आणि फाइल ओढून त्या पानावरच्या प्लेअरवर सोडा. तो ब्राउझरमध्येच क्लासिक स्किन लावून दाखवतो. तुमच्या `Skins` फोल्डराशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे झिपमध्ये एखादी फाइल राहून गेली असेल तर इथे लगेच कळतं.

लिनक्सवर ऑडेशस हा प्लेअर याच स्किन वाचतो. सेटिंग्जमध्ये दिसण्याच्या पानावर `Winamp Classic Interface` निवडा आणि फाइल या फोल्डरात टाका:

```
~/.local/share/audacious/Skins
```

`viscolor.txt` मधले रंग तिथेही लागू होतात. फॉन्ट मात्र ऑडेशसच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून निवडायचे असतात. बिटमॅप फॉन्टचा पर्याय तिथेही आहे आणि तो फक्त इंग्रजी अक्षरांपुरता चालतो, म्हणून मराठी नावांसाठी त्याची खूण काढा आणि देवनागरी असलेला फॉन्ट निवडा.